मुद्दाम चुकलेला शब्द

२०२२च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी ताईचा नाशिकहून फोन आला. आवाज पडलेला होता. सलग पासष्ट दिवस ती 'वर्डल' सोडवत होती आणि त्या दिवशी ती साखळी तुटली. नियम वाचकांना माहीत असतीलच. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. प्रत्येक प्रयत्नानंतर अक्षरांना रंग मिळतो. जागेवर बसलेले अक्षर हिरवे होते, शब्दात असलेले पण चुकीच्या जागी पडलेले पिवळे आणि शब्दात नसलेले करडे. दुसऱ्या प्रयत्नाअखेर ताईची शेवटची चार अक्षरे नक्की झाली होती: ATCH. राहिले होते फक्त पहिले. मग तिने MATCH लिहिले, CATCH लिहिले, PATCH लिहिले, HATCH लिहिले. सहा प्रयत्न संपले. उत्तर होते WATCH.

त्या दिवशी माझीही गाडी तिथेच अडली होती. पण मी तिसऱ्या प्रयत्नाला BLIMP लिहिले, चौथ्याला CROWN आणि पाचव्याला WATCH. हे ऐकल्यावर ताईचा आवाज लगेच चढला. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई ती. म्हणाली, "अरे, शेवट ATCH आहे हे तुला ठाऊक होतं ना? मग BLIMP उत्तर असूच शकत नाही. चूक आहे हे माहीत असून लिहायचं, याला काय खेळ म्हणायचं?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पण प्रश्न मनात राहिला. जे उत्तर असूच शकत नाही ते मुद्दाम विचारायचे, ही युक्ती कुणाला प्रथम सुचली? ती लबाडी आहे की तिच्यामागे काही शास्त्र आहे? हा शोध मला पन्नास-साठ वर्षे मागे घेऊन गेला आणि तिथे शब्द नव्हतेच. होते आकडे आणि रंगीत खुंट्या.

बैल, गाई आणि खुंट्या

शाळेत मागच्या बाकावर आम्ही 'बुल्स अँड काऊज' खेळायचो. एकाने चार वेगवेगळ्या अंकांचा आकडा मनात धरायचा, दुसऱ्याने तो ओळखायचा. अंक बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर एक बैल. अंक बरोबर पण जागा चुकलेली असेल तर एक गाय. वहीच्या शेवटच्या पानावर खेळायचा हा खेळ नक्की कधी सुरू झाला याचा जन्मदाखला नाही, पण संगणकावर तो केव्हा चढला हे माहीत आहे. १९६८ साली केंब्रिज विद्यापीठात फ्रँक किंग यांनी त्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला 'मू' असे नाव दिले. इंग्रजी गाय हंबरते तो आवाज.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७०च्या सुमारास, मोर्देकाय मेरोविट्झ या इस्रायली टपाल व दूरसंचार अधिकाऱ्याने अंकांच्या जागी रंग घातले. सहा रंगांच्या खुंट्या, चार भोके, आणि उत्तर देण्यासाठी लहान काळ्या-पांढऱ्या खुंट्या. मोठ्या खेळणी कंपन्यांनी त्याला परत पाठवले. शेवटी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या 'इन्व्हिक्टा प्लॅस्टिक्स' या कंपनीने तो खेळ घेतला आणि 'मास्टरमाइंड' या नावाने तो घराघरांत गेला.

शब्दांची शाखा वेगळी वाढत होती. १९५५ साली अमेरिकेत मॉर्टन रोझेनफेल्ड यांनी 'जॉटो' नावाचा कागदी खेळ बाजारात आणला. त्यात पाच अक्षरी शब्द ओळखायचा असे, पण उत्तर म्हणून फक्त किती अक्षरे जुळली एवढाच आकडा मिळे. कोणती जुळली, कुठे जुळली, हे सांगत नसत. १९८७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'लिंगो' आला. त्यात प्रत्येक अक्षराचा निकाल स्वतंत्र दिसू लागला: जागेवर असेल तर चौकोन, जागा चुकली असेल तर वर्तुळ. वर्डलचे हिरवे-पिवळे हेच.

म्हणजे खेळाची वंशावळ शब्दांच्या शाखेतून येते. पण तो खेळावा कसा, याची विद्या मात्र खुंट्यांच्या शाखेत तयार झाली.

क्नुथ यांचा चौथा डाव

डोनाल्ड क्नुथ हे नाव संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. मास्टरमाइंडवरचा त्यांचा छोटासा लेख १९७७चा, मनोरंजक गणिताच्या एका नियतकालिकातला. त्यांनी रंगांना १ ते ६ असे क्रमांक दिले. चार जागा, प्रत्येकीत सहा पर्याय, रंग पुन्हा येऊ शकतो. एकूण १२९६ शक्यता. प्रश्न असा होता: कोणतीही शक्यता मनात धरली तरी ती किती प्रयत्नांत हमखास ओळखता येईल?

क्नुथ यांनी प्रयत्नाकडे उत्तर म्हणून पाहिलेच नाही. त्यांनी तो चाळणीसारखा वापरला. प्रत्येक प्रयत्न शिल्लक शक्यतांचे गट पाडतो. ज्या शक्यतांना सारखाच निकाल मिळेल त्या एका गटात. निकाल कळला की एक गट हाती राहतो, बाकीचे गळून पडतात. आता पहिला प्रयत्न ११११ केला असे धरा. मनातल्या आकड्यात एकही १ नसेल अशा ६२५ शक्यता आहेत. एक १ असेल अशा ५००, दोन असतील अशा १५०, तीन असतील अशा २० आणि चारही १ असलेली एक. पाच गट झाले, पण काय ओबडधोबड! जवळजवळ निम्म्या वेळा आपण ६२५च्या ढिगात जाऊन पडणार.

त्याऐवजी ११२२ विचारला तर सर्वांत मोठा गट २५६चा असतो. १२३४ असा चार वेगळ्या रंगांचा प्रयत्न वरवर जास्त चौकस वाटतो, पण त्याचा सर्वांत मोठा गट ३१२चा होतो. क्नुथ यांचा नियम साधा होता: ज्या प्रयत्नाचा सर्वांत मोठा गट सर्वांत लहान असेल तो निवडायचा. नशीब कितीही वाईट निघाले तरी नुकसान कमीत कमी व्हावे, हा हिशेब. या मार्गाने कोणतीही शक्यता पाच प्रयत्नांत सापडते हे त्यांनी दाखवून दिले.

त्यांच्या लेखातला एक डाव मी कागदावर पुन्हा मांडून पाहिला, कारण ताईच्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडले आहे. मनातला आकडा आहे ३६३२. पहिला प्रयत्न ११२२, निकाल एक काळी. दुसरा १३४४, निकाल एक पांढरी. तिसरा ३५२६, निकाल एक काळी आणि दोन पांढऱ्या. या तिन्ही निकालांशी जुळणाऱ्या शक्यता मी एकेक करून काढल्या, तेव्हा बरोबर सात उरल्या: ३६३२, ३६६२, ४५६२, ४६२५, ५५३२, ६४२५, ६६२३.

ताई इथे यांतला एखादा लिहील. क्नुथ यांचा चौथा प्रयत्न मात्र १४६२ आहे. तो या सातांत नाही, म्हणजे त्याने डाव जिंकणे शक्यच नाही. आता या सातांपैकी प्रत्येक आकडा मनात असता तर १४६२ला काय निकाल मिळाला असता ते पाहा:

```
५५३२ : एक काळी
३६३२ : एक काळी, एक पांढरी
६४२५ : एक काळी, दोन पांढऱ्या
३६६२ : दोन काळ्या
४५६२ : दोन काळ्या, एक पांढरी
६६२३ : दोन पांढऱ्या
४६२५ : तीन पांढऱ्या
```

सातांना सात वेगळे निकाल. प्रत्येक गटात एकच आकडा. यापेक्षा समान वाटणी असूच शकत नाही. पाचवा प्रयत्न हमखास बरोबर. आणि क्नुथ सांगतात की उरलेल्या सातांपैकी कोणताही आकडा चौथ्या प्रयत्नाला विचारला तर पाचात संपण्याची हमी राहत नाही. हमीसाठी जिंकू न शकणारा आकडाच विचारावा लागतो. या चालीचे त्यांना स्वतःलाही कौतुक वाटले होते.

BLIMPचा पूर्वज मला इथे सापडला.

समान म्हणजे किती समान?

पण 'समान वाटणी' मोजायची कशी? सात वेगळे गट पडले तर वादच नाही. एरवी गट लहानमोठे पडतात आणि त्यांतला चांगला कोणता हे ठरवावे लागते. क्नुथ यांनी सर्वांत वाईट गट पाहिला. दुसरे म्हणाले, सरासरी पाहू या. तिसरी मोजपट्टी आधीपासून तयार होती, मात्र ती टेलिफोनच्या तारांसाठी तयार झाली होती. १९४८ साली बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी संदेशातली माहिती मोजण्याचे एकक मांडले, ते म्हणजे 'बिट'. एखाद्या उत्तराने शक्यता निम्म्या झाल्या तर एक बिट माहिती मिळाली. पाव झाल्या तर दोन बिट. आठ शब्दांतून एक शोधायचा तर तीन वेळा निम्मे करावे लागते, म्हणून तिथे तीन बिटांची गरज.

ताईच्या सात शब्दांवर हे लावून पाहू. BATCH, CATCH, HATCH, LATCH, MATCH, PATCH, WATCH. सात शब्दांची अनिश्चितता आहे २.८१ बिट, म्हणजे तीनपेक्षा थोडी कमी. ताईने यांतला कोणताही शब्द लिहिला तरी दोनच गट पडतात: तो एक, नाहीतर बाकीचे सहा. कारण शेवटची चार अक्षरे सगळ्यांत तीच आहेत आणि फरक फक्त पहिल्यात. एकास सहा अशा वाटणीतून सरासरी ०.५९ बिट मिळतात. ताईला दर वेळी अर्ध्या बिटाच्या आसपास माहिती मिळत होती आणि ती त्यासाठी एकेक अख्खा प्रयत्न मोजत होती.

आता BLIMP. त्यात B, L, M आणि P ही चार संशयित अक्षरे एकदम तपासली जातात. उत्तर BATCH असेल तर B हिरवे होईल, LATCH असेल तर L पिवळे, MATCH असेल तर M पिवळे, PATCH असेल तर P पिवळे. काहीच रंगले नाही तर CATCH, HATCH किंवा WATCH. गट पाच: चार एकेकटे आणि एक तिघांचा. मिळणारी माहिती २.१३ बिट. २.८१पैकी एवढी एका प्रयत्नात. क्नुथ यांच्या १४६२सारखी परिपूर्ण वाटणी इथे साधत नाही, कारण मास्टरमाइंडमध्ये हवा तो आकडा रचता येतो, शब्दांच्या खेळात मात्र शब्द भाषेने दिलेला हवा. B, L, M, P, W आणि C अशी सहा व्यंजने पाच अक्षरांत कोंबून इंग्रजी शब्द होत नाही.

प्रयत्नांच्या भाषेत हिशेब असा. ताईच्या मार्गाने सात शब्दांना अनुक्रमे १ ते ७ प्रयत्न लागतात, सरासरी ४. तिच्याकडे चार प्रयत्न शिल्लक होते, म्हणजे जिंकण्याची शक्यता सातात चार. BLIMPने सुरुवात केली तर चार शब्द दुसऱ्या प्रयत्नाला सापडतात, आणि पुढे CROWN वापरला तर उरलेले तीन तिसऱ्याला. सातांची बेरीज १७, सरासरी सुमारे २.४. तीन प्रयत्नांत काम हमखास होते.

मास्टरमाइंडमध्ये या मोजपट्ट्यांची शर्यतही लागली. नेदरलँड्सच्या बार्टेल्ड कोई यांनी २००५ साली त्या एकत्र ताडून पाहिल्या: सर्वांत मोठा गट लहान ठेवणे, गटाचा सरासरी आकार लहान ठेवणे, जास्तीत जास्त बिट मिळवणे, आणि चौथा, अगदी बाळबोध वाटणारा नियम, म्हणजे नुसते जास्तीत जास्त गट पाडणे. सरासरीत जिंकला तो हा चौथा. क्नुथ यांच्या नियमाने सरासरी साडेचारच्या जरा खाली येते, गट मोजण्याने ४.३७ आणि सर्वोत्तम सरासरी, जी जपानमध्ये कोयामा आणि लाय यांनी १९९३ साली संगणकाने शोधून काढली, ती आहे ४.३४. म्हणजे कोणतीही एक मोजपट्टी अचूक नाही. कारण या सगळ्या एकच पाऊल पुढे पाहतात. आजची वाटणी समान झाली म्हणून उद्या त्या गटांची वाटणी सोपी होईलच असे नाही. सर्वोत्तम मार्ग शोधायचा तर शेवटपर्यंतचा सगळा वृक्ष तपासावा लागतो.

एका चुकीची दुरुस्ती

वर्डल तयार केला जॉश वॉर्डल या वेल्समध्ये जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या संगणक अभियंत्याने. शब्दकोड्यांची आवड असलेल्या पलक शहा या आपल्या जोडीदारासाठी. खेळाचे नाव म्हणजे त्याच्या आडनावावरची कोटी. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार निघाले. त्यांतले ओळखीचे कोणते हे पलकने निवडले आणि उत्तरांची यादी २३१५ शब्दांवर आली. खेळ सर्वांसाठी खुला झाल्यावर १ नोव्हेंबर २०२१ला ९० जण खेळले. दोन महिन्यांनी एका दिवसात तीन लाखांहून अधिक. जानेवारी २०२२च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की उत्तरांची यादी आणि चालणाऱ्या बाकीच्या शब्दांची यादी, दोन्ही खेळाच्या पानातच वाचता येत होत्या. त्यामुळे क्नुथ यांचा प्रश्न पुन्हा जसाच्या तसा विचारता येऊ लागला. १२९६ऐवजी २३१५ शक्यता. निकाल जास्त: पाच अक्षरांना तीन रंग म्हणजे २४३ प्रकार, त्यांतले पाच अशक्य (चार हिरवी आणि एक पिवळे असे होऊ शकत नाही), म्हणून २३८. प्रत्येक प्रयत्न या २३८ खणांत सारखी वाटणी करू शकला असता तर पहिल्यानंतर दहाच शब्द उरले असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. पाचही करडी हा खण नेहमी फुगलेला असतो आणि पाचही हिरव्याच्या खणात एकच शब्द मावतो.

फेब्रुवारी २०२२मध्ये 'थ्री-ब्लू-वन-ब्राउन' या गणिताच्या वाहिनीवर ग्रँट सँडरसन यांनी शॅनन यांचे बिट वर्डलला लावून दाखवले. अतिशय सुरेख व्हिडिओ. पहिला शब्द कोणता असावा याचे त्यांचे उत्तर होते CRANE. लाखो लोकांनी तो पाहिला. आणि काही दिवसांतच त्यांनी दुसरा व्हिडिओ काढून सांगितले की आधीच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती, CRANE सर्वोत्तम नाही.

चूक होती शब्दात एकच अक्षर दोनदा आले तर रंग कसे द्यायचे यात. उदाहरणार्थ उत्तर ABIDE आहे आणि आपण SPEED लिहिले. SPEEDमध्ये E दोन, उत्तरात एक. खेळाच्या नियमाने पहिले E पिवळे होते आणि दुसरे करडे, कारण उत्तरातले एकुलते E पहिल्याच्या नावावर जमा झाले. प्रोग्रॅमने इथे दोन्ही E पिवळी केली तर तो ABIDEला भलत्याच गटात टाकतो. प्रत्येक वेळी फरक लहान, पण हजारो शब्दांच्या जोड्यांत ते साचत जातात आणि शेवटी पहिल्या शब्दाचा क्रमांक बदलतो.

मला हे ओळखीचे वाटले. बुल्स अँड काऊजमध्ये समोरच्याने एक गाय चुकून जास्त मोजली की आमच्या वहीवर पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला विचित्र अवस्था यायची: सगळ्या निकालांशी जुळणारा एकही आकडा शिल्लक राहत नसे. चूक झाल्याची ती खूण. वर्डलमध्ये हाताने सोडवतानाही हीच खूण चालते. सगळे शब्द गळून पडले आणि एकही सुचेना, तर आधी दुहेरी अक्षराचा करडा रंग आपण 'हे अक्षर शब्दात नाहीच' असा वाचला आहे का ते तपासावे. दहापैकी निम्म्या वेळा माझी चूक तिथेच निघते.

दुरुस्तीनंतर पुढे आला तो शब्द SALET, मध्ययुगीन शिरस्त्राणाचे एक नाव. अ‍ॅलेक्स सेल्बी या ब्रिटिश गणितज्ञाने आणि स्वतंत्रपणे एमआयटीतल्या दिमित्रिस बर्ट्सिमस व अ‍ॅलेक्स पॅस्कॉव्ह यांनी संपूर्ण वृक्ष तपासून तो सिद्ध केला. SALETने सुरुवात करून पुढे प्रत्येक चाल सर्वोत्तम खेळली तर २३१५ शब्दांना मिळून ७९२० प्रयत्न लागतात, सरासरी ३.४२. गंमत अशी की एकाच पावलाचे बिट मोजले तर SOARE हा शब्द वरचढ ठरतो, सुमारे ५.९ बिट. पण शेवटपर्यंतच्या हिशेबात तो SALETच्या मागे पडतो. मास्टरमाइंडमध्ये दिसलेलीच गोष्ट.

आणि ज्या CRANEवरून एवढा गाजावाजा झाला त्याचा आकडा? ७९३०. रोज एक कोडे या हिशेबाने सहा वर्षांहून जास्त काळ खेळले, आणि तेही यंत्रासारखे अचूक खेळले, तर CRANEऐवजी SALET घेऊन एकूण दहा प्रयत्न वाचतात. पहिल्या शब्दावरून भांडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आपले नुकसान पहिल्या शब्दात होत नाही. ते होते ATCHसारख्या जागी, जिथे शब्द एका अक्षराने वेगळे असतात आणि आपण एकेक करून दारे ठोठावत बसतो.

या सिद्धतेला मर्यादाही आहे. ती त्या जुन्या, बंद यादीपुरती खरी आहे. नोव्हेंबर २०२२पासून वर्डलचे शब्द निवडायला संपादक आहेत आणि यादी बदलली आहे. शिवाय यंत्रापुढे यादी असते, माणसापुढे ती नसते. माणसाला शिल्लक शब्द आठवावे लागतात. म्हणून माझी पद्धत साधी आहे. शिल्लक शब्द दहाच्या आत आले असे वाटले की ते कागदावर एकाखाली एक लिहितो, ज्या अक्षरांनी ते एकमेकांपासून वेगळे आहेत ती अक्षरे बाजूला काढतो आणि त्यांतली जास्तीत जास्त अक्षरे असलेला कोणताही शब्द शोधतो. बिट मोजत नाही, गट मोजतो. कोई यांच्या बाळबोध नियमावर माझा विश्वास बसला आहे.

SALETबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तो शब्द चालतो, पण उत्तरांच्या यादीत तो नव्हता. SOAREही नव्हता. म्हणजे त्या यादीपुरता खेळाचा सर्वोत्तम पहिला शब्द असा आहे, की जो कधीच बरोबर येणार नाही.

तीन शब्दांपाशी

एवढा सगळा ऐवज घेऊन मी गेल्या दिवाळीत नाशिकला गेलो. फराळाचे ताट बाजूला सरकवून ताईपुढे कागद मांडला. क्नुथ यांचा १४६२, सात आकडे, सात निकाल. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हे पटलं. BLIMP तुझा बरोबर होता. पण CROWN का लिहिलास?"

मी म्हणालो, "तीन उरले होते. CATCH, HATCH, WATCH. CROWNने तिघं वेगळे होतात. CATCH असेल तर C हिरवा. WATCH असेल तर C पिवळा आणि W पिवळा. HATCH असेल तर नुसता C पिवळा. पुढचा प्रयत्न हमखास."

"आणि मी सरळ CATCH लिहिला असता तर?"

मी कागदावर मांडले. CATCH लिहून तो बरोबर निघाला तर एका प्रयत्नात संपले. नाही तर HATCH आणि WATCH यांत तो फरक करू शकत नाही, म्हणून दुसरा किंवा तिसरा. एक, दोन, तीन, सरासरी दोन. CROWN लिहिला तर तिघांनाही दोन-दोन, सरासरी दोन.

दोन्हीकडे तेच उत्तर पाहून मी थांबलो. इतके महिने हा हिशेब डोळ्यांसमोर असून मी तो केला नव्हता.

"म्हणजे सारखंच," ताई म्हणाली.

"सरासरी सारखी. माझ्या मार्गात सर्वांत वाईट वेळ दोन प्रयत्नांची, तुझ्यात तीन."

"आणि माझ्या मार्गात सर्वांत चांगली वेळ एका प्रयत्नाची. तुझ्यात ती नाहीच." तिने चकलीचा तुकडा मोडला. "त्या दिवशी BLIMPनंतर प्रयत्न किती राहिले होते?"

"तीन."

"मग तुला भीती कसली होती? तीन शब्द, तीन प्रयत्न."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सात शब्द आणि चार प्रयत्न असताना मुद्दाम चुकणे हीच शहाणी चाल होती. तीन शब्द आणि तीन प्रयत्न असताना हरणे शक्यच नव्हते. तिथे बरोबर येण्याची तिसऱ्या हिश्शाची संधी मी हमीच्या सवयीने सोडून दिली होती. क्नुथ सर्वांत वाईट गटाला घाबरून खेळले, कारण त्यांना हमी सिद्ध करायची होती. मला काय सिद्ध करायचे होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकाच फोनवर कोडे सोडवले. दोन प्रयत्नांनंतर ताईने पाच शिल्लक शब्द वर्तमानपत्राच्या समासात एकाखाली एक लिहिले, त्यांची वेगळी अक्षरे गोल करून काढली आणि उत्तर असूच शकणार नाही असा एक शब्द शांतपणे टाकला. दोन शब्द उरले. तेव्हा तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आता माझा शब्द."